ब्युटी फिल्टरचे नऊ महिने आणि मागची चिऱ्याची भिंत

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी चेहरा एडिट करायचं एक ॲप घेतलं, वर्षाचे पैसे भरून. आता आषाढ चालू आहे, म्हणजे नऊ महिने झाले. वेंगुर्ल्याजवळ आमचं काजूगर, कोकम आगळ, आंबापोळीचं दुकान आहे. मालाचे रील मीच करते, त्यामुळे रोज एकदा तरी माझा चेहरा त्या ॲपमधून गेला. ॲपचं नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते अशा बहुतेक ॲपना लागू पडतं.

माझ्या पट्ट्या अशा होत्या: त्वचा मऊ करायची शंभरपैकी ६०, जबडा निमुळता करायची २५, नाक बारीक १५, रंग उजळ २०. सुरुवातीला मऊपणा ३० वरच ठेवला होता आणि तेवढ्यावर मी खूश होते. महिनाभरात ३० चा चेहरा काहीच न केल्यासारखा दिसायला लागला. मग ४५ केला, मग ६०. दर वेळी वाटायचं, आधी कमीच होतं. डोळ्यांना सवय होते आणि ती झाल्याचं कळत नाही, ही या वस्तूची पहिली खोड.

ती आधी आजीच्या लक्षात आली. तिला रील दाखवत होते, तर म्हणाली, "काय गो, तुझो तीळ खंय गेलो?" माझ्या डाव्या गालावर मोहरीएवढा तीळ आहे. सहा आठवडे तो एकाही रीलमध्ये नव्हता आणि मला पत्ता नव्हता. ॲप चेहऱ्यावरचे शेकडो बिंदू पकडतं, डोळे, भुवया, ओठ यांच्या ठळक कडा राखतं आणि मधला सगळा बारीक फरक पुसतं. रंध्रं, मुरुमाचा डाग, तीळ हे त्याच्या लेखी सारखंच. नाकातल्या चमकीचा खडाही पुसट झाला होता, तो नंतर दिसला.

मार्चमध्ये मावसभावाचं लग्न होतं. आसोलीहून आणलेले सुरंगीचे वळेसर आम्ही सगळ्याजणींनी माळले होते. फोटो आले तेव्हा मला वाटलं, फोटोग्राफरने माझे फोटो बिघडवलेत. बाकीच्या सगळ्या छान आणि मीच रुंद, सुजलेली. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी फक्त उजेड नीट केलाय, चेहऱ्याला हात लावलेला नाही." त्या रात्री मी तो फोटो मोठा करून करून पाहत बसले. नंतर काही दिवस नाकाच्या ऑपरेशनला किती खर्च येतो ते शोधत होते. पस्तीस वर्षं ज्या नाकाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, त्या नाकाचं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय की लोक स्वतःचाच फिल्टर लावलेला फोटो घेऊन येतात आणि मला असं करून द्या म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी पकडल्यासारखं झालं.

माझी तेरा वर्षांची पुतणी माझे रील शूट करते. मे महिन्यात ती म्हणाली, "काकी, माझं पण नाक करून दे ना, तुझ्यासारखं." त्या दिवशी मी मोजायला बसले.

आमच्या पडवीमागे गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत आहे. चिऱ्यांचे थर सरळ असतात, दर्जा, म्हणजे दोन थरांमधल्या सांध्यांच्या रेषा, ठळक दिसतात. भिंतीला पाठ लावून फिल्टरसह व्हिडिओ घेतला आणि एक जागा थांबवून पाहिली. माझ्या जबड्याजवळ दोन्ही बाजूंच्या दर्जा गालाकडे वाकल्या होत्या. ॲप चेहरा आत ओढतं तेव्हा शेजारची भिंतही ओढली जाते. दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशी, मागे काहीही सरळ असलं की हे पकडता येतं. पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. २०२३ मध्ये टिकटॉकवर 'बोल्ड ग्लॅमर' नावाचा फिल्टर आला, त्यात तोंडासमोरून हात फिरवला तरी तो सुटत नव्हता. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण त्या जातीचे फिल्टर चेहराच नव्याने रंगवतात. तिथे भिंत सरळच राहते.

मग मोजपट्टी घेतली. तीन फोटो काढले: फूटभर अंतरावरून, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरवरून, फिल्टरशिवाय सेल्फी, तसाच सेल्फी फिल्टर लावून, आणि पाच फुटांवरून मागच्या कॅमेऱ्याने साधा फोटो. तिन्ही फोटोंत चेहरा स्क्रीनवर ६ सेंटिमीटर रुंद होईल असा मोठा केला आणि नाकपुड्यांपाशी नाक मोजलं. साध्या सेल्फीत १९ मिलिमीटर, फिल्टरमध्ये १४ आणि पाच फुटांवरून १५.

हे आकडे मी तीनदा तपासले. पाच फुटांवरून लोक मला जसं बघतात, त्यात माझं नाक १५ चंच आहे. ज्या १९ च्या नाकाला मी घाबरले होते, ते माझं नव्हतंच. कॅमेरा इतका जवळ असला की त्याच्या सगळ्यात जवळचा भाग, म्हणजे नाक, फुगतो आणि कान मागे जातात. रटगर्स विद्यापीठातले सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे मी नऊ महिने दोन खोट्या चेहऱ्यांची तुलना करत होते. एक फिल्टरने आवळलेला, दुसरा जवळच्या कॅमेऱ्याने फुगवलेला. लग्नातला फोटो या दोन्हींपेक्षा खरा होता आणि नेमका तोच मला परका वाटला.

जबड्याचं मात्र तसं नाही. तो पाच फुटांवरूनही रुंदच आहे. माझ्या आईचा आणि आजीचाही तसाच आहे.

बंद करताना एक अडचण आली. ॲप काढलं तरी चेहरा गुळगुळीतच दिसत होता. फोनच्या स्वतःच्या फ्रंट कॅमेऱ्यात ब्युटी मोड नवा फोन घेतल्यापासूनच चालू होता, मी कधी लावला नव्हता. गूगलने २०२० मध्ये पिक्सेल फोनवर ही सोय मुळात बंद ठेवायचं ठरवलं, पण सगळेच तसं करत नाहीत. कॅमेरा उघडून चेहऱ्याचं किंवा जादूच्या कांडीचं चिन्ह बघा. फोटो आणि व्हिडिओची पट्टी वेगळी असते, दोन्ही शून्यावर आणा. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये तिसरी असू शकते.

मी एकदम शून्यावर आले नाही. ॲप काढायच्या आधी त्यातला मऊपणा दर चार दिवसांनी दहा-दहा कमी केला, जून त्यातच गेला. २० च्या आसपास सगळ्यात जड गेलं, दोन रील टाकलेच नाहीत. आता शून्यावर तिसरा आठवडा आहे. सकाळी पहिल्यांदा फोन उघडल्यावर अजून क्षणभर दचकायला होतं, संध्याकाळी होत नाही.

एक फायदा अनपेक्षित होता. रंग उजळ केल्यामुळे आगळही फिकट गुलाबी दिसायचं आणि गिऱ्हाइकं विचारायची, यात पाणी घातलंय का. आता बाटलीत ते जसं गडद लाल आहे तसंच दिसतं.

हल्ली फोन स्टँडवर पाच फूट लांब, मागचा कॅमेरा, दुप्पट झूम. एवढ्या लांबून पावसात आवाज नीट येत नाही, म्हणून पदराला लावायचा वायरचा माइक घेतला. पुतणीचं नाकही आम्ही त्याच भिंतीपुढे मोजलं, फूटभर अंतरावरून आणि पाच फुटांवरून. तिने दोन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि मैत्रिणीचं मोजायला मोजपट्टी घेऊन गेली.