आठ महिने मॅटपॉवर वापरल्यानंतर: वीस बसच्या फिडरवर गॉस-सायडेल का रखडते आणि न्यूटन-रॅफसन का पळते

मी जळगावात राहतो. चोपडा, यावल, अमळनेर या पट्ट्यातल्या अकरा केव्ही फिडरचे व्होल्टेजचे हिशेब करून देणे हे माझे काम. कुठे नवीन डीपी बसवायचा असतो, कुठे कंडक्टर बदलायचा असतो, तर कुठे छोटा सौर प्रकल्प जोडायचा असतो. आठ महिन्यांपासून हे सगळे मी ऑक्टेव्हवर मॅटपॉवर हा लोड फ्लोचा, म्हणजे लाईनवर कुठे किती व्होल्टेज राहील ते काढणारा, प्रोग्राम चालवून करतो. दोन्ही फुकट मिळतात. त्याआधी सहा वर्षे मी स्वतः लिहिलेली गॉस-सायडेलची, म्हणजे अंदाजापासून फेरीफेरीने उत्तराकडे सरकणाऱ्या पद्धतीची, एक्सेल शीट वापरत होतो. ती का सोडली, तेच या अनुभवात सांगायचे आहे.

सुरुवात चोपड्याकडच्या एका कृषी फिडरपासून झाली. लाईन लांब, सगळी केळीची बागायत आणि एका ओळीत वीस डीपी. शेवटच्या डीपीवरचे आप्पा म्हणत होते, "भाऊ, दुपारले मोटर उचलसच नही." माझी शीट शेपटाला १०.२८ केव्ही दाखवत होती. एवढ्या व्होल्टेजवर मोटर उचलायला हवी होती. मग तोच डेटा मॅटपॉवरमध्ये भरला, तर उत्तर आले १०.१० केव्ही. दुपारच्या लोडला मीटर लावून पाहिले, तेही याच्याच जवळपास होते. म्हणजे माझ्या शीटचे उत्तर सुमारे १८० व्होल्टने चुकत होते, आणि चुकत होते ते धोक्याच्या बाजूला: खऱ्यापेक्षा चांगले व्होल्टेज दाखवत होते.

शीटमधले सूत्र बरोबर होते. दोष थांबण्याच्या अटीत होता. लाईनवर जिथे जिथे व्होल्टेज काढायचे तो प्रत्येक बिंदू म्हणजे बस. एका फेरीत प्रत्येक बसचे व्होल्टेज ०.०००१ पर युनिटपेक्षा, म्हणजे अकरा केव्हीला १ धरून ०.०००१ पेक्षा, कमी बदलले की "उत्तर आले" असे मी धरत होतो. अडीचशेच्या वर फेऱ्या झाल्या की ती अट पूर्ण व्हायची आणि शीट थांबायची. खरे उत्तर मात्र अजून लांब असायचे. असे का होते ते समजायला तीन गाळ्यांचे उदाहरण पुरते. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा.

सबस्टेशनला व्होल्टेज १.०० धरा. पुढे एका ओळीत तीन बस, मधल्या तिन्ही तारा सारख्या, आणि लोड फक्त शेवटच्या बसवर. त्या लोडमुळे प्रत्येक गाळ्यात ०.०१ चा ड्रॉप होतो. खरे उत्तर तोंडी सांगता येते: ०.९९, ०.९८, ०.९७. आता गॉस-सायडेलने करू. मधल्या प्रत्येक बसचे नवे व्होल्टेज म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी, आणि शेवटच्या बसचे म्हणजे शेजाऱ्यापेक्षा ०.०१ कमी. सुरुवातीला सगळीकडे १.०० धरले आहे.

पहिल्या फेरीत पहिली बस १.०० राहते, दुसरीही १.०० राहते आणि तिसरी ०.९९ होते. दुसऱ्या फेरीत पहिली अजून १.०० च असते, दुसरी ०.९९५ आणि तिसरी ०.९८५ होते. तिसऱ्या फेरीत पहिली ०.९९७५, दुसरी ०.९९१२५, तिसरी ०.९८१२५. पुढे लोड आहे हे पहिल्या बसला तिसऱ्या फेरीत समजले! लोडची बातमी एका फेरीत एकच बस मागे सरकते, कारण कुठलीही बस आपल्या शेजाऱ्यांपलीकडे पाहतच नाही. बातमी पोचली तरी ती सरासरीतून पातळ होऊन येते. तिसऱ्या बसची चूक पाहा: ०.०२, मग ०.०१५, मग ०.०११२५. दर फेरीला ती आधीच्या पाऊणपट होते.

तीन बसला पाऊणपट हा वेग चालून जातो. n सारख्या गाळ्यांच्या ओळीत ही पट cos²(९०°/n) येते. तीन बसला cos²(३०°), म्हणजे बरोबर ०.७५. दहा बसला ती ०.९७५५ होते आणि वीस बसला ०.९९३८. अचूकतेचा एक दशांश अंक वाढवायला दहा बसच्या ओळीत सुमारे ९३ फेऱ्या लागतात आणि वीस बसच्या ओळीत सुमारे ३७३. बस दुप्पट केल्या की फेऱ्या चौपट होतात. शिवाय प्रत्येक फेरीत कामही दुप्पट, म्हणजे एकूण मेहनत आठपट. छोट्या नेटवर्कवर गोड वाटणारी पद्धत मोठ्या नेटवर्कवर का अडकते, ते एवढेच आहे.

माझ्या १८० व्होल्टचे गणितही इथेच सुटते. चूक दर फेरीला ०.९९३८ पट होत असेल, तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज शेवटच्या पावलाच्या सुमारे १६१ पट भरते. पाऊल ०.०००१ चे असताना थांबलो, म्हणजे ०.०१६ एवढे अंतर बाकी राहिले. अकरा हजार व्होल्टवर ते सुमारे १७७ व्होल्ट. सुरुवात १.०० पासून, म्हणजे वरून होते, म्हणून थांबलेले उत्तर नेहमी खऱ्याच्या वरच राहते. खऱ्या फिडरवर लोड सगळीकडे विखुरलेला असतो आणि पंप ठरावीक पॉवर ओढतात, त्यामुळे आकडे थोडे हलतात. चित्र तेच राहते.

गॉस-सायडेल वापरणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाने सांगणे आहे: व्होल्टेजमधला बदल पाहून थांबू नका. प्रत्येक बसवर पॉवरचा मिसमॅच काढा, म्हणजे आलेल्या व्होल्टेजवरून निघणारी पॉवर आणि दिलेला लोड यांतला फरक. मॅटपॉवर गॉस-सायडेल आणि न्यूटन-रॅफसन या दोन्ही पद्धतींत हेच तपासते आणि १e-8 पर युनिट ही त्याची मूळ मर्यादा आहे. पुढच्या दोन ओळी मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून चालवून घेतो:

```
opt = mpoption('pf.alg', 'GS', 'pf.gs.max_it', 1000);
r = runpf('feeder20', opt);
```

हजार फेऱ्यांनंतर स्क्रीनवर उत्तर न जुळल्याचे येते. मुले डेटात चूक शोधू लागतात. डेटात चूक नसते. वीस बसच्या ओळीत हजार फेऱ्या म्हणजे जेमतेम पावणेतीन अंक. मग `'GS'` च्या जागी `'NR'` लिहायचे. आमचा फिडर चार फेऱ्यांत जुळतो.

न्यूटन-रॅफसन वेगळे काय करते? गॉस-सायडेलही अॅडमिटन्स मॅट्रिक्सच वापरते, पण एका वेळी एकच ओळ. न्यूटनमध्ये आधी प्रत्येक बसचा मिसमॅच मांडतात. मग जेकोबियन मॅट्रिक्स बनते. एखाद्या बसचा अँगल किंवा व्होल्टेज थोडे हलवले, तर कुठल्या बसची पॉवर किती हलेल, हे सगळे तिच्यात असते. मग ही सगळी समीकरणे एकदम सोडवतात. वर घेतलेले तीन गाळ्यांचे उदाहरण सरळ रेषेचे आहे, म्हणून तिथे एकाच झटक्यात ०.९९, ०.९८, ०.९७ येते. शेपटाची बातमी सबस्टेशनपर्यंत त्याच फेरीत पोचते, आणि ओळ तीन बसची आहे की तीनशे, याने फारसा फरक पडत नाही.

मग एकाऐवजी चार फेऱ्या का लागतात? पॉवर म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार, तो सरळ रेषेत वागत नाही. न्यूटनला प्रत्येक फेरीत फक्त हा वाकडेपणा दुरुस्त करायचा असतो, अंतर कापायचे नसते. उत्तराजवळ आल्यावर बरोबर अंक दर फेरीला दुप्पट होतात: दोन, चार, आठ. `'verbose'` ची किंमत २ ठेवली की दर फेरीचा मिसमॅच छापला जातो आणि हे डोळ्यांनी दिसते.

एक शंका मलाही होती. एवढे मोठे मॅट्रिक्स दर फेरीला सोडवणे महाग नाही का? भरलेले मॅट्रिक्स असते तर महागच पडले असते. १९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी संगणकावर लोड फ्लो मांडला तेव्हा मेमरी इतकी तोकडी होती की एकेक ओळ घेऊन चालणेच परवडायचे. पण एक बस दोन-तीन शेजाऱ्यांनाच जोडलेली असते, त्यामुळे जेकोबियनमध्ये बहुतेक शून्येच असतात. समीकरणे सोडवताना बस चुकीच्या क्रमाने काढल्या तर त्या शून्यांच्या जागी नवे आकडे भरत जातात. क्रम नीट निवडला तर फार कमी भरतात. साटो आणि टिनी यांनी १९६३ मध्ये ही विरळ मॅट्रिक्सची वाट दाखवली, आणि १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनचा लोड फ्लो मोठ्या नेटवर्कवर व्यवहारात उतरवला. आपल्या फिडरच्या ओळीत तर शेपटाकडून बस काढत आलो की एकही नवा आकडा भरत नाही. शेपटाकडून सबस्टेशनकडे एकदा जायचे, परत एकदा यायचे, काम झाले. माझ्या मते न्यूटनच्या यशात निम्मा वाटा या क्रमाचा आहे, आणि कॉलेजात नेमके तेवढेच घाईत उरकतात.

जुन्या शीटमध्ये मी १.६ चा अॅक्सिलरेशन फॅक्टर टाकूनही पाहिला होता. वीस बसच्या ओळीला त्याने फेऱ्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येतात, अंकामागे ९१. उपयोग होतो, पण लांबी वाढली की पुन्हा तेच रखडणे. दोन खांबांमधला चाळीस मीटरचा केबलचा तुकडा वेगळी बस म्हणून घातला तर अजून वाईट होते. त्या दोन बस एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की सरासरीत एकमेकींचेच ऐकतात आणि बाकी लाईनकडे ढिम्म सरकत नाहीत. मॅटपॉवरमध्ये न्यूटनने तोच तुकडा निमूट सोडवला.

त्रास झालाच नाही असे नाही. पहिल्याच आठवड्यात मी तारांचे ओहम तसेच भरले. अकरा केव्ही आणि १ एमव्हीए बेसला १२१ ने भागायला हवे होते. न्यूटनचा मिसमॅच कमी व्हायऐवजी वाढत गेला आणि दहा फेऱ्यांत ते थांबले. दुसऱ्यांदा सगळे पंप एकदम सुरू धरून लोड खूप वाढवला, तेव्हाही तसेच झाले. तिथे खरोखरच उत्तर नव्हते, तेवढी पॉवर त्या तारेतून जातच नाही. अशा वेळी गॉस-सायडेल हळूहळू खाली सरकत राहते आणि फक्त वेळ लागतोय असे वाटते. न्यूटन दहा फेऱ्यांत सांगून टाकते, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र सुरुवातीचा अंदाज फारच चुकीचा असेल तर न्यूटन उत्तर असूनही भरकटते, किंवा भलत्याच कमी व्होल्टेजच्या उत्तरावर जाऊन बसते. जुळल्याचे दिसले तरी व्होल्टेजचा रकाना मी दरवेळी वाचतो.

अजून एक सावधगिरी. `'FDXB'` ही फास्ट डिकपल्ड पद्धत ट्रान्समिशनवर छान चालते. आपल्या अकरा केव्हीच्या बारीक कंडक्टरमध्ये रेझिस्टन्स रिअॅक्टन्सपेक्षा जास्त असतो, आणि ही पद्धत त्याच्या उलट गृहीत धरते. माझ्या दोन फिडरवर ती जुळलीच नाही.

गॉस-सायडेल मी टाकून दिलेले नाही. तीन-चार बसचा हिशेब कागदावर करायला आणि बातमी कशी सरकते ते मुलांना दाखवायला ते उत्तम आहे. चोपड्याच्या त्या फिडरवर १०.१० केव्ही धरून शेपटाकडच्या सहा गाळ्यांचा कंडक्टर बदलण्याचा प्रस्ताव दिला आहे. पुढचे काम यावलकडचे, चाळीस डीपींची एकच ओळ. जुन्या शीटला तिथे एका अंकासाठी सुमारे १,४९० फेऱ्या लागल्या असत्या.