आलेली रक्कम: जुन्या बिलाला की नेमक्या बिलाला?

एका जॉबवर्क ग्राहकाची दोन बिलं उघडी आहेत: ११८ क्रमांकाचं ४०,००० चं, ज्यावर कामाच्या दर्जावरून वाद आहे, आणि १३१ क्रमांकाचं ५९,००० चं (५०,००० अधिक १८ टक्के जीएसटी). बँकेत ५८,००० जमा झाले.

'जुनं बिल आधी' या पद्धतीने ११८ पूर्ण मिटतं आणि १३१ वर ४१,००० बाकी दिसतात. काम झटपट होतं, पण वादातलं बिल यादीतून गायब होतं आणि वसुलीचा फोन चुकीच्या बिलासाठी जातो. मग ग्राहक चिडणारच!

नेमक्या बिलाशी जुळवायचं तर आधी ग्राहकाचा पेमेंट तपशील मागवा. इथे तो १३१ चाच होता. १,००० कमी आले कारण ५०,००० वर २ टक्के टीडीएस कापला होता. ईआरपीनेक्स्टमध्ये Payment Reconciliation उघडून फक्त १३१ आणि ही पावती निवडा, Allocate करा, रक्कम तपासा, मग Reconcile. टीडीएसची जर्नल एंट्री ग्राहकाच्या खात्याला जमा करून तीही १३१ लाच लावा. बाकी शून्य होते, ११८ चे ४०,००० उघडे राहतात.

बिलाआधी आलेला अ‍ॅडव्हान्स मात्र बिल होईपर्यंत मोकळाच ठेवा. जुनं बिल आधी ही पद्धत मी फक्त वाद नसलेल्या, तपशील न देणाऱ्या किरकोळ ग्राहकांपुरती वापरतो.