सहा पोर्टरांचे अंदाजपत्रक आणि आमचे २,८०,२०० रुपये

आमच्या नागपूरच्या ट्रेकिंग क्लबचे २,८०,२०० रुपये घेऊन एक तथाकथित मोहीम आयोजक नाहीसा झाला. सभासद दहा, म्हणजे प्रत्येकाचे २८,०२० रुपये बुडाले. स्वस्त दर, गोड बोलणे, ‘तारखा भरत आल्या आहेत’ ही घाई आणि शेवटी बंद फोन, हा क्रम वाचकांना पाठ असेल, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. क्लबचा खजिनदार या नात्याने मला लिहायचे आहे ते त्याने पाठवलेल्या अंदाजपत्रकाविषयी. हा माणूस कधीही मोहिमेवर गेलेला नाही, हे त्या एका पानावर आकड्यांत उघड लिहिलेले होते आणि ते पान आमच्या दहाही जणांच्या हातून गेले होते.

मोहीम हिमालयातल्या ‘कालिंदी खाल’ या खिंडीची होती. गंगोत्रीहून गोमुख, तपोवन, नंदनवन, वासुकी ताल या वाटेने सुमारे ५,९५० मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि अरवा खोऱ्यातून घस्तोलीमार्गे बद्रीनाथला उतरायचे, असा हा मार्ग आहे. चालणे बरेचसे हिमनदीवरचे असल्याने दोर, क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स लागतात, आणि मध्ये कोठेही दुकान किंवा वस्ती नसल्यामुळे शेवटच्या दिवसाचे तांदूळसुद्धा पहिल्या दिवशी पाठीवर घ्यावे लागतात. अंदाजपत्रक वाचताना लक्षात ठेवण्याची गोष्ट नेमकी हीच होती.

त्याने एकूण ४,६५,००० रुपयांचा खर्च दाखवला होता. परवाने ६२,०००, मार्गदर्शक, त्याचा सहायक, स्वयंपाकी आणि मदतनीस मिळून १,०८,०००, सहा पोर्टर, अकरा दिवस, रोज १,२०० प्रमाणे ७९,२००, उपकरणांचे भाडे ५४,८००, अन्न व इंधन ६६,०००, आणि आपत्कालीन राखीव निधी ९५,०००. माणशी ४६,५०० रुपये पडत होते. दुसऱ्या दोघांनी सांगितलेले दर साठ हजारांच्या पुढे होते. आम्ही डोळे मिटून पैसे दिले असे कोणी समजू नये. तीन दरपत्रके मागवली, ती शेजारी ठेवली, बैठकीत चर्चा केली आणि ठराव लिहून घेतला. नागपूरहून उत्तरकाशीला त्याचे कार्यालय पाहायला जायचे म्हणजे दिल्लीपर्यंतच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, पुढे देहरादून किंवा हरिद्वार आणि मग डोंगरातला दिवसभराचा रस्ता. नोकरी करणाऱ्या माणसाने तेवढ्यासाठी रजा काढावी, ही अपेक्षा घरबसल्या शहाणपण शिकवणारेच करू शकतात.

परंतु ते ‘सहा पोर्टर’ मला अजून झोपू देत नाहीत. सभासद दहा आणि कर्मचारी चार, म्हणजे जेवणारी तोंडे चौदा. माणशी रोज ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरला, तर अकरा दिवसांचा शिधा १२३ किलो होतो. एक पोर्टर अशा उंचीवर साधारण २० किलो ओझे नेतो, म्हणजे सहा जण मिळून १२० किलो नेणार. नुसता चौदा जणांचा शिधासुद्धा त्या सहा पाठींवर मावत नाही. तंबू, इंधन, भांडी, दोर यांचे आणखी किमान ९५ किलो आहेत, ते कोण नेणार? आणि पोर्टर स्वतः जेवतो. अकरा दिवसांत त्याला जवळपास नऊ किलो शिधा लागतो, त्यामुळे त्याच्या २० किलोंपैकी आपल्या उपयोगाचे अकरा किलोच उरतात. या हिशेबाने २१८ किलोंसाठी एकोणीस-वीस पोर्टर लागतात. शिधा संपत जातो तसे काहींना नंदनवनहून किंवा वासुकी तालहून परत पाठवता येते, म्हणून जाणता आयोजक मजुरीचे एकूण दिवस बरेच कमी करतो, पण निघताना सहा हा आकडा त्याच्या लेखणीतून उतरूच शकत नाही. दुसऱ्या दोघांचे दर जास्त का होते, याचे उत्तर या एका ओळीत होते. त्यांनी सतरा आणि अठरा पोर्टर धरले होते आणि आम्ही त्यालाच उधळपट्टी म्हणालो.

अन्नाची ओळ तर त्याहून निर्लज्ज होती. दहा सभासद, अकरा दिवस, रोज ६०० रुपये, बरोबर ६६,०००. म्हणजे मार्गदर्शक, स्वयंपाकी आणि पोर्टर यांनी अकरा दिवस हिमनदीवर हवा खाऊन राहायचे होते. बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी विचारलेही होते की या लोकांचे जेवण कोठे दाखवले आहे. मी फोन लावला. ‘सर, ते आमच्या मजुरीत येते,’ असे तो पटकन म्हणाला आणि मी ते टिपून घेतले. मजुरीत पैसे येतात, पीठ येत नाही. पीठ कोणाच्या पाठीवर येणार हा प्रश्न त्या क्षणी तोंडातून निघायला हवा होता. सेमिनरी हिल्सवर सरावाला जाताना दोन बाटल्या पाणी जास्त घेतले तर खांदा दुखतो, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. तरी बेरीज बरोबर आली एवढ्यावर आम्ही समाधानी राहिलो, आणि बेरीज तर त्याने खरोखरच अचूक केली होती.

आता राखीव निधी. एकूण खर्चाच्या पाचव्या भागाहून थोडी जास्त रक्कम या नावाखाली होती आणि ती त्याने सर्वांत आधी, पूर्ण मागितली. हेलिकॉप्टर कंपनीकडे अनामत ठेवल्याशिवाय हमीपत्र मिळत नाही, आणि मोहीम सुखरूप झाली की पैसे परत, असे त्याचे म्हणणे होते. परत मिळणारे पैसे देताना माणसाचा हात आखडत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. राखीव निधी हा खर्च नव्हे. हवामान बिघडून तळावर दोन दिवस अडकलो तर पोर्टरांची वाढीव मजुरी, कोणाला उंचीचा त्रास झाला तर त्याला खाली आणणाऱ्या माणसांचे पैसे, गंगोत्रीहून उत्तरकाशीच्या रुग्णालयापर्यंत रात्रीची गाडी, यासाठी तो असतो. त्यातला काही भाग नेत्याच्या कंबरेला रोख बांधलेला हवा आणि उरलेला क्लबच्याच खात्यात. गोमुखाच्या वर फोन लागत नाही, तिथे दुसऱ्याच्या खात्यातली अनामत कोण सोडवून आणणार? हेलिकॉप्टरच्या खर्चासाठी विमा काढावा आणि तो कोणत्या उंचीपर्यंत लागू आहे ते पॉलिसीत वाचावे. अनेक साध्या प्रवास विम्यांमधून गिर्यारोहण वगळलेले असते. राखीव निधी आयोजक मागत असेल तर तिथेच थांबा.

तर आम्ही राखीव निधीचे ९५,०००, परवान्यांचे ६२,००० आणि उरलेल्या ३,०८,००० रुपयांचे चाळीस टक्के, म्हणजे १,२३,२००, असे पैसे पाठवले. खाते एका व्यक्तीचे बचत खाते होते. दरपत्रकावर संस्थेचे नाव होते आणि जीएसटी क्रमांकही होता. तो उत्तराखंडचाच होता, पहिले दोन अंक ०५ होते, म्हणून मी निश्चिंत झालो. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यवसायाचे नाव फुकट दिसते. ते मी नंतर केले, आणि नाव भलत्याच एका दुकानाचे निघाले.

परवाना मात्र दोन दिवसांत आला. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात शिरायला वन विभागाची परवानगी लागते, गोमुखाकडे दिवसाला १५० जणांनाच सोडतात आणि गंगोत्रीच्या पुढे कनखू चौकीवर नावे तपासली जातात. शिवाय खिंडीपलीकडचा भाग सीमेकडचा असल्याने इनर लाइनची परवानगी वेगळी. ही परवानगी ओळखपत्रांवरून, नावानिशी मिळते. आमच्या दोन सभासदांनी आधार कार्डाच्या प्रती तोवर पाठवल्याच नव्हत्या, तरी ‘दहा व्यक्ती’ असे लिहिलेला कागद आला. कामाचा झपाटा म्हणून आम्ही त्याचे कौतुक केले! निघण्याच्या काही आठवडे आधी अध्यक्षांनी उत्तरकाशीला वन विभागात दूरध्वनी करून परवाना क्रमांक विचारला, तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या जुन्या, फक्त गोमुखापर्यंतच्या परवान्याचा निघाला. हा दूरध्वनी पैसे पाठवण्यापूर्वी करा. पाच मिनिटांचे काम आहे.

यापुढची कहाणी लिहिताना राग आवरत नाही. पोलिस ठाण्यात सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. आणि गुन्हा असलाच तर उत्तराखंडात जाऊन नोंदवा. गुन्हा कोठेही घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले आहे आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी छापील प्रत दाखवली. साहेबांनी ती वाचली, परत केली आणि ‘अर्ज द्या, बघतो’ म्हणाले. अर्जावर आवक शिक्का मिळाला, गुन्हा नोंदला गेला नाही. सायबर विभागात विचारले, ओटीपी दिला होता का? नाही म्हटल्यावर तो विषय त्यांच्यापुरता संपला. बँकेला पैसे रोखण्यासाठी एफआयआर हवा होता, पोलिसांना बँकेकडून खातेदाराचा पत्ता हवा होता, आणि बँक म्हणे खातेदाराची माहिती गोपनीय असते. चोराची गोपनीयता सर्वांनी डोळ्यांत तेल घालून जपली. आम्ही लुबाडले गेलेले लोक मात्र प्रत्येक टेबलापुढे आपणच आरोपी असल्यासारखे उभे होतो, आणि ‘एवढे शिकलेले असून?’ हा प्रश्न शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाने विचारला. फसल्याचे कळताच, त्याच तासाला, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधीच ते गोठवता येतात. आम्ही आठवडाभर त्याच्या ‘उद्या फोन करतो’वर थांबलो होतो.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. आम्ही तो केला. नोटीस दरपत्रकावरच्या पत्त्याला गेली आणि ‘अशी व्यक्ती येथे राहत नाही’ या शेऱ्यासह परत आली. नवा पत्ता शोधून देणे तक्रारदाराचे काम, असे आम्हाला सांगण्यात आले.

दरम्यान विदर्भातल्याच दुसऱ्या एका क्लबच्या सचिवांनी त्यांच्याकडे आलेले दरपत्रक मला दाखवले. संस्थेचे नाव वेगळे, मोबाइल क्रमांक वेगळा, मार्ग तोच. त्यांचे सभासद सोळा होते. पोर्टर सहाच होते. त्यांचे परवान्यांचे पैसे गेलेले होते, राखीव निधीचा धनादेश अजून सचिवांच्या खणात होता. तो त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि त्याच दुपारी १९३० ला फोन लावला.