ओटोस्क्लेरोसिस: एका कानात पिस्टन, दुसऱ्याला मशीन, आठ महिन्यांनंतर

उजव्या कानाचं स्टेपेडोटॉमीचं, म्हणजे जखडलेल्या हाडाच्या जागी इवलासा पिस्टन बसवण्याचं, ऑपरेशन होऊन आठ महिने होत आले. डाव्या कानाला मशीन आहे. एकाच आजाराचे दोन उपाय मी रोज एकाच वेळी वापरते, म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते आहे.

मधल्या कानातलं शेवटचं इवलंसं हाड, स्टेपीज, रिकिबीसारखं दिसतं. त्याची तळपट्टी आतल्या कानाच्या खिडकीत हलते आणि आवाज आत पोहोचतो. ओटोस्क्लेरोसिसमध्ये खिडकीच्या कडेला नवं हाड तयार होतं आणि ती तळपट्टी जखडते. कानाचा पडदा मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो, त्यामुळे नुसतं कानात बघून काही सापडत नाही. माझी लक्षणंही घरच्यांना पटत नव्हती. मिक्सर चालू असताना किंवा एसटीत मला समोरच्याचं बोलणं बरं कळायचं, कारण गोंगाटात माणसं आपोआप आवाज चढवतात आणि तो गोंगाट मला फारसा ऐकूच येत नव्हता. शांत खोलीत मात्र सारखं ‘काय?’ विचारावं लागायचं. शिवाय स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येत असल्याने मी हळू बोलायचे. आईलाही तिशीनंतर असंच कमी ऐकू येऊ लागलं होतं, हे डॉक्टरांनी विचारल्यावर जुळलं. हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालतो.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, करून घ्याल तेव्हा त्यातल्या दोन रेषा नीट बघा. एक हवेतून ऐकण्याची, दुसरी कानामागच्या हाडातून ऐकण्याची. माझ्या उजव्या कानाला हवेतून ५५ डेसिबल लागत होते, हाडातून १५. म्हणजे नस चांगली आणि अडथळा ४० डेसिबलचा. ऑपरेशनने हे अंतर भरून निघतं. हाडाची रेषाच खाली गेली असेल, तर तेवढा भाग पिस्टनने परत येत नाही. २००० हर्ट्झपाशी माझ्या हाडाच्या रेषेत एक खड्डा दिसत होता. तो नसेचा दोष नसून हाड जखडल्याचा परिणाम असतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

आधी काही महिने दोन्ही कानांना मशीन लावलं. नस चांगली असल्याने आवाज नुसता वाढवला तरी शब्द स्वच्छ कळायचे. या आजारात मशीन हा दुय्यम उपाय नाही. मला त्रास झाला तो पावसाळ्यातल्या ओलाव्याचा, गाडीवर वाऱ्याच्या घोंघावण्याचा आणि मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याने कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज घुमण्याचा. उजव्या कानाला मशीनचा आवाज बराच वाढवावा लागायचा, म्हणून ऑपरेशनचा विचार केला. नेहमी जास्त खराब कान आधी करतात. साधारण शंभरात एकाला ऑपरेशननंतर त्या कानाने ऐकूच येईनासं होतं, त्यामुळे चांगला कान पणाला लावत नाहीत. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याने मशीनवरच राहावं, असं मलाही स्पष्ट वाटतं.

ऑपरेशन कानाच्या नळीतूनच, फक्त कान बधिर करून झालं. पडदा उचलून बाजूला करतात, स्टेपीजची कमान काढतात, तळपट्टीला मिलिमीटरपेक्षाही लहान भोक पाडतात आणि त्यात साधारण साडेचार मिलिमीटर लांबीचा पिस्टन सोडून त्याचं कडं शेजारच्या हाडाला अडकवतात. मी जागी होते. कडं बसल्यावर सर्जननी दबक्या आवाजात काही शब्द म्हणून दाखवले आणि मी ते म्हणत गेले. मग पडदा जागेवर ठेवून कानात पॅकिंग भरलं.

पहिले दोन-तीन दिवस मान वळवली की गरगरायचं. उजव्या बाजूच्या जिभेला चहा धातूसारखा लागायचा, कारण चवीची एक नस पडद्याच्या आतून जाते आणि ती ताणली जाते. ते जायला तीनेक महिने लागले. पॅकिंग काढल्यावर वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आधी दचकवायचा. कुकरच्या शिट्टीचा त्रास अजून होतो. मोठ्या आवाजात हाड आवरून धरणारा स्नायू ऑपरेशनमध्ये कापला जातो, त्यामुळे ते नैसर्गिक संरक्षण आता नाही. कानातली सूं कमी झाली, पूर्ण गेली नाही.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत हवेतून २५ डेसिबल आले. अंतर १० उरलं, म्हणजे निकाल चांगला. सुरुवातीचे काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, जड उचलायचं नाही आणि विमानप्रवास सर्जनला विचारल्याशिवाय करायचा नाही. अचानक गरगरायला लागलं किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं. पिस्टन वर्षांनंतरही सरकू शकतो आणि दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनचं यश पहिल्याइतकं नसतं. आजार आतल्या कानात पसरायचा असेल तर पिस्टन त्याला थांबवत नाही, म्हणून दरवर्षी ऑडिओग्राम करायचा आहे.

डाव्या कानाचं अंतर सध्या २० डेसिबलच्या आसपास आहे आणि मशीनवर तो कान छान चालतो. तिथे ऑपरेशनची घाई नको, असं सर्जनही म्हणाले. उजवा कान स्थिर राहिला आणि डाव्याचं अंतर वाढलं, तरच मी त्याचा विचार करणार आहे.