बेलापूर की अरण्य? सोलापूरच्या स्टुडिओ प्रोजेक्टसाठी केस स्टडी निवडताना

आर्किटेक्चरला हाउसिंगचा स्टुडिओ सुरू झाला की दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच: लिटरेचर केस स्टडी कोणती घेऊ? सोलापुरातली साइट असेल आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वाढत जाणारी घरं करायची असतील, तर बहुतेकांचं मन दोन नावांवर येऊन थांबतं. एक म्हणजे चार्ल्स कोरियांची नवी मुंबईतली बेलापूरची वसाहत आणि दुसरी बाळकृष्ण दोशींची इंदूरची अरण्य वसाहत. दोन्हींवर साहित्य भरपूर आहे. पण दोन्हींतून मिळणारा धडा वेगळा आहे, आणि तो सोलापुरात आणताना काय मोडतं तेही वेगळं आहे. म्हणून दोन्ही एकाच प्रोजेक्टवर लावून बघू.

प्रोजेक्ट माझ्या स्टुडिओतल्या एका विद्यार्थिनीचा. अक्कलकोट रोडच्या बाजूला एक एकराची साइट, पूर्व-पश्चिम ४० मीटर आणि दक्षिणोत्तर १०० मीटर. विडी वळणाऱ्या महिलांच्या ४० कुटुंबांसाठी घरं. म्हणजे घर हेच कामाचं ठिकाण. पानं भिजवायची, कातरायची आणि सूप पुढ्यात घेऊन तासन् तास विड्या वळायच्या, तेही उजेडात, वाऱ्यावर आणि जमलं तर शेजारणींच्या सोबतीनं. तंबाखूची धूळ लेकरांच्या झोपायच्या खोलीत बसू नये हीही गरज तितकीच खरी.

आधी बेलापूर. १९८३ ते १९८६ या काळात झालेला हा प्रकल्प साधारण ५.४ हेक्टरवर, सुमारे ५५० कुटुंबांसाठी आहे. हेक्टरी शंभर कुटुंबं. रचना लगेच डोक्यात बसते: सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण ८ बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ मीटरचा मोठा चौक. पुढे तेच आणखी एका पायरीवर. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे आणि महत्त्वाचं म्हणजे दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता कुणीही आपलं घर वाढवू शकतो.

अरण्यचं माप एकदम वेगळं. सुमारे ८५ हेक्टर, साडेसहा हजारांच्या आसपास घरं. सगळ्यात गरीब गटासाठी साधारण ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा, बाकी घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. नमुना म्हणून दोशींनी काही घरं बांधून दाखवली. त्यांत रस्त्यालगतचा ओटा, बाहेरून चढणारा जिना आणि वरचा सज्जा दिसतो. १९९५ साली या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. (घनतेची तुलना करताना एक चूक नेहमी होते. अरण्यच्या ८५ हेक्टरांत मुख्य रस्ते, बाजार, मैदानं सगळं आलं, म्हणून भागाकार हेक्टरी ७६ घरांच्या आसपास येतो. तुमच्या एक एकरात यांपैकी काहीच नाही. तेव्हा तो आकडा शीटवर शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.)

आमच्या विद्यार्थिनीनं पहिल्यांदा बेलापूर घेतलं. ते स्वाभाविकही होतं, कारण प्लॅन हातात आयता मिळतो. सात प्लॉट सरासरी ६० चौरस मीटरचे धरले तर ४२०, त्यात चौकाचे ६४, म्हणजे एका गटाची बाजू सुमारे २२ मीटर. तिची साइट ४० मीटर रुंद. दोन गट शेजारी ठेवायचे तर ४४ मीटर हवेत. त्यामुळे उभ्या रांगेत चारच गट बसले, २८ घरं झाली आणि बाजूला १८ मीटरचा लांबच लांब पट्टा उरला, त्यावर तिनं ‘उद्यान’ लिहिलं. उरलेल्या जागेला उद्यान नाव द्यावं लागलं की समजावं, आपण आकृती उचलली आहे, तिच्यामागचं कारण नाही.

दुसरी अडचण उन्हाची. बेलापूर किनाऱ्याजवळ आहे. तिथे मुसळधार पाऊस, म्हणून उतरती छपरं, आणि घामट हवा, म्हणून चारही बाजूंनी मोकळ्या भिंती वाऱ्याला सोयीच्या. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि हवा कोरडी. इथे प्रत्येक उघडी भिंत तापते. साडेचार बाय सहा मीटरचं सुटं घर घेतलं तर बाहेरची भिंत २१ मीटर. तेच घर ओळीत बसवलं आणि सहा मीटरच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक केल्या, तर उघडी राहते फक्त ९ मीटर. म्हणजे ज्या सुट्या भिंतींमुळे बेलापूरचं घर वाढू शकतं, त्याच भिंती सोलापुरात घर भट्टीसारखं तापवतील. हा धडा अर्धाच आणता येतो.

चौकाचंही तसंच. मेच्या मध्यावर दुपारी साडेतीनच्या सुमारास इथे सूर्याची उंची साधारण ४७ अंश असते आणि तो पश्चिमेला असतो. तीन मीटर उंच भिंतीची सावली पावणेतीन मीटर पडते. आठ मीटरच्या चौकात पश्चिमेकडचा तेवढाच पट्टा बसण्याजोगा, बाकी दोन तृतीयांश चौक रणरणत्या उन्हात. आणि विडीचं काम तर दुपारी थांबत नाही.

अरण्यकडे वळताना मात्र मी तिला फोटो बाजूला ठेवायला सांगितलं. मला अरण्यमधली सगळ्यात मोलाची गोष्ट प्लॅनमध्ये दिसत नाही. तो प्रकल्प आखण्याआधी दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशननं आणि मॅकगिल विद्यापीठाच्या गटानं इंदूरच्या झोपडपट्ट्याच मोजल्या होत्या. ओटे, झाडाखालच्या जागा, घराला चिकटलेली दुकानं, दारातली छोटी कामं. दोशींसारख्या माणसाची केस स्टडी कुठला गाजलेला प्रकल्प नव्हता, गावातली वस्ती होती. मग सोलापूरच्या विद्यार्थ्यानं अरण्यचा ओटा का चितारायचा? आपल्याला कुंभारी जवळ आहे.

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत विडी कामगार महिलांसाठीच उभी राहिली. दहा हजार घरांची, २००६ साली हस्तांतरित झालेली. तिथे ही मुलगी टेप, वही आणि घड्याळ घेऊन तीनदा गेली: सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. एका दारात पत्रा पुढे काढलेला, खाली फरशीची पायरी. त्यावर एक मावशी मांडी घालून, पाठ भिंतीला, सूप मांडीवर, उजव्या हाताला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. विद्यार्थिनीनं विचारून माप घेतलं. भिंतीपासून सुपाच्या पुढच्या कडेपर्यंत सव्वा मीटर. पायरीची खोली मात्र पाऊण मीटर, म्हणून मावशी तिरक्या बसल्या होत्या. ‘तुम्ही दुपारीही इथंच बसता का?’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘दुपारचं नाही गं बाई. मग पलीकडं जाते, त्यांच्या दाराला सावली येते.’

माझ्या मते केस स्टडी इथे पूर्ण झाली. पुस्तकातल्या प्रकल्पानं प्रश्न दिला, म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामधली जागा किती खोल, किती उंच, कोणाची. माप दिलं कुंभारीनं. या दोन्हींमधून तिनं डिझाइनसाठी एक वाक्य लिहिलं: कामाचा ओटा किमान सव्वा मीटर खोल हवा आणि दुपारी साडेतीनला निदान एका बाजूचा ओटा पूर्ण सावलीत हवा. हे वाक्य मोजून तपासता येतं. ‘कम्युनिटी स्पेस’, ‘ह्युमन स्केल’ असले शब्द तपासता येत नाहीत, म्हणून ते शीटवरून सरळ डिझाइनमध्ये उतरतही नाहीत.

मग तिनं प्लॅनला हात न लावता आधी १:५० चा सेक्शन काढला. दक्षिणोत्तर गल्ली, दोन्हीकडे घरांच्या ओळी, भिंत ते भिंत सहा मीटर. पश्चिमेची ओळ दुमजली, म्हणजे सहा मीटर उंच. तिची साडेतीनची सावली साडेपाच मीटर. आता मावशींचं ते वाक्य कामाला आलं. दुपारी सगळ्याजणी एकाच बाजूला येणार असतील तर दोन्हीकडचे ओटे सारखे कशाला? पश्चिमेच्या ओळीला दीड मीटरचा ओटा, समोर एक मीटरची पायरी, मधे साडेतीन मीटर वाट. सावली मोठा ओटा आणि वाट झाकून पलीकडच्या पायरीच्या मध्यापर्यंत पोचते. बाहेरचा जिना अरण्यवरून घेतला, पण त्याची वरची फरशी ओट्यावर आणली, म्हणजे सूर्य डोक्यावर असतानाही तिथे छाया राहते. घर वाढतं ते वरच्या दिशेनं; त्यामुळे पाया पहिल्या दिवसापासून दोन मजल्यांचा धरावा लागतो आणि खर्चात ते दाखवावं लागतं.

प्लॅन शेवटी आला. प्लॉट साडेचार बाय आठ मीटर, ३६ चौरस मीटर. मागच्या दोन मीटरांत न्हाणी-संडास. प्रत्येक ओळीत दहा घरं, मधे चौक, पुन्हा दहा घरं: ४५ अधिक ८ अधिक ४५, म्हणजे ९८ मीटर. आठ मीटरचा हा चौक बेलापूरचा, आता कडुनिंबासह. दोन ओळींची मिळून ४० घरं २२ मीटर रुंदीत बसली आणि उरलेले १८ मीटर रस्त्याला आणि मैदानाला खरोखर मोकळे मिळाले.

तेव्हा निवड करायची असेल तर माझं मत असं. साइट लहान असेल, घरं पूर्ण बांधून द्यायची असतील आणि तुमचा प्रश्न ‘किती घरांनी मिळून एक अंगण’ असा असेल, तर बेलापूर मुख्य धरा. पण सुट्या भिंती आणि उतरतं छप्पर तिथेच ठेवून या. शिवाय ते आज जाऊन बघा. जुन्या फोटोंतली बरीच घरं पाडून तिथे मोठी पक्की घरं आली आहेत आणि वाढण्याची मोकळीक दिली की काय होतं हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुठलाही लेख सांगणार नाही. जोतं आणि नळ-गटार तेवढं देऊन बाकी लोकांवर सोडायचं असेल, किंवा घरात धंदा चालत असेल, तर अरण्य घ्या, आणि त्यासोबत मोजायला एक वस्ती सोलापुरातलीच घ्या. वेळ एकाच प्रकल्पाला पुरेल एवढा असेल तर मी विडी कामगारांच्या प्रोजेक्टसाठी अरण्यच घेईन.

जुरीत या योजनेवर दोन प्रश्न आले. पहिला साडेतीन मीटरच्या वाटेचा: राज्याच्या बांधकाम नियमावलीतली, म्हणजे यूडीसीपीआरमधली, किमान रुंदी आणि अग्निशमनाची गाडी. गाडी बाहेरच्या रस्त्यानं आणि चौकातून येते हे तिनं दाखवलं, तरी रुंदीचा नियम सेक्शन काढण्याआधी वाचायला हवा होता, कारण वाट एक मीटरनं वाढली तर समोरच्या पायरीवर सावली पोचतच नाही. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. पश्चिमेची ओळ पहिल्या दिवशी दुमजली कोण बांधणार? कुटुंबं हळूहळू वाढवणार असतील तर सुरुवातीची काही वर्षं भिंत तीनच मीटर, सावली पावणेतीन. मोठा ओटा तेव्हाही झाकला जातो, वाट निम्मीही नाही. तिनं त्या ओळीत मोठी कुटुंबं ठेवून दुसरा मजला सुरुवातीलाच बांधायचा पर्याय मांडला, आणि त्या वीस घरांचा वाढीव खर्च वेगळा काढून शीटवर लावला.