‘राखेची भिंत थंड असते, 4 इंचीच पुरते’

मागच्या वर्षी आर्वीकडच्या आमच्या गावात दोन खोल्या वाढवल्या. ठेका चौरस फुटावर, मालासकट. ठेकेदार म्हणाला, “भाऊ, या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा. भिंत थंड राहते, 9 इंची कशाला? 4 इंचीच पुरते.” जुनं घर भट्टीच्या लाल विटांचं, 9 इंची. मला वाटलं, नवीन माल, नवीन हिशेब.

मे महिन्यात कळलं. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी पाठ टेकवता येईना, आणि जुन्या खोलीत मात्र गारवा. राखेची वीट आणि लाल वीट उष्णता जवळपास सारखीच वाहून नेतात, फरक जाडीचा. 4 इंची भिंतीतून 9 इंचीपेक्षा साधारण दीडपट उष्णता आत येते, शिवाय जाड भिंत दुपारचं ऊन उशिरा आत सोडते. दहा बाय दहाच्या भिंतीला 9 इंचीत नऊशेच्या आसपास विटा लागल्या असत्या. ठेकेदाराचं काम साडेचारशेत भागलं. चौरस फूट तेवढेच, पैसे तेवढेच.

स्वयंपाकघराला पोकळ काँक्रीटचे ब्लॉक लावले, “आत हवा आहे, एसीसारखं” म्हणून. हवा उष्णता अडवते खरी, पण पोकळ्यांच्या मधलं काँक्रीट उष्णता सरळ आत नेतं. 8 इंची ब्लॉकसुद्धा 9 इंची विटेच्या मागेच राहतो. माझे तर 6 इंची होते.

प्लास्टरचं दुखणं वेगळंच. दिवाळीपर्यंत भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांची चीर उमटली, बरोबर प्लास्टरखालच्या सांध्यांच्या रेषेत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असत्या, तर दोष प्लास्टरच्या मसाल्याचा किंवा पाणी मारण्याचा धरला असता. सांध्यावरची चीर म्हणजे आतली भिंतच हलली. जुन्या मिस्त्रीकाकांनी ठोकून पाहिलं, दोन ठिकाणी ढबढब आवाज आला. उरलेली एक वीट फोडली, तर कडा हातातच भुरभुरल्या.

“कच्चीच रचली, बावा,” काका म्हणाले. लाल वीट भट्टीतून निघाली की आक्रसायची राहत नाही. राखेची वीट आणि ब्लॉक मात्र सिमेंटवर घट्ट होतात, त्यांना दोन-तीन आठवडे पाणी आणि मग वाळायला वेळ हवा. माझा माल गाडीतून उतरला तेव्हा ओलसर होता. मी त्याला ताजा समजून खूश झालो! त्यातच ब्लॉकवर कामावरच्या पोरांनी रचण्याआधी पाईपनं पाणी मारलं. लाल वीट भिजवतात, ब्लॉक नाही. फुगलेला ब्लॉक भिंतीत वाळतो आणि आक्रसतो. राखेच्या विटेचं तोंड गुळगुळीत, म्हणून सांधे अर्धा इंच खरवडून प्लास्टर धरायला जागा द्यावी लागते. इथे सांधे सपाट भरले होते.

ठेकेदार म्हणतो, “ऊनच जास्त होतं, त्याला मी काय करू?” सध्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हातभर अंतर सोडून पऱ्हाटीचा कूड बांधला आहे.