नोकरी सांभाळून एम.टेक.: कंपनीला पत्र देताना कोणता बाँड मान्य करायचा?

शनिवार-रविवारच्या वर्गांना बसून एम.टेक. करायचे आहे, फी कंपनीने द्यावी, परीक्षेपुरती रजा मिळावी, बदल्यात बाँड लिहून द्यायची तयारी आहे. असे पत्र लिहिणारा माणूस बहुधा सगळी मेहनत पहिल्या परिच्छेदावर खर्च करतो. अभ्यासक्रमाचा कंपनीला काय उपयोग, आपण किती मन लावून काम करतो वगैरे. शेवटी घाईघाईत एक ओळ येते: "कंपनीच्या नियमानुसार जो बाँड असेल तो मला मान्य राहील." मॅनेजर पहिला परिच्छेद आठवड्याभरात विसरतो, ही ओळ मात्र फाइलला लागते. म्हणून आधी बाँड ठरवावा आणि मग पत्र लिहावे.

उदाहरण धरू. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे, पगार महिना ६५,००० रुपये. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा, प्रत्येक सत्राची फी ७०,०००, म्हणजे एकूण २,८०,०००. दर सत्राला परीक्षा आणि प्रकल्पासाठी सहा दिवस भरपगारी रजा हवी आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका दिवसाचा पगार २,५००, म्हणून २४ दिवसांच्या रजेचे ६०,००० होतात. कंपनीच्या हिशेबात हा माणूस ३,४०,००० चा प्रस्ताव घेऊन आला आहे. पत्रात हा आकडा तुम्हीच लिहिलात तर बरे, नाहीतर लेखा विभाग तो काढेल आणि थोडा फुगवूनच काढेल.

तीन तऱ्हेचे बाँड

पहिला सपाट बाँड. फी कंपनी भरते, पदवी मिळाल्यापासून दोन वर्षे नोकरी सोडायची नाही, मधे सोडली तर सगळी रक्कम परत. तेविसाव्या महिन्यात सोडा किंवा दुसऱ्या महिन्यात, आकडा तोच.

दुसरा घटता बाँड. फी कंपनीच भरते आणि मुदत पदवीनंतरची दोन वर्षेच, पण दर महिन्याला देणे चोविसाव्या हिश्शाने कमी होत जाते.

तिसरा सत्रागणिक बाँड. फी आधी तुम्ही भरता, निकाल लागल्यावर कंपनी ती परत देते आणि त्या ७०,००० ची २४ महिन्यांची मुदत पैसे मिळाल्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे चार सत्रांच्या चार मुदती, प्रत्येक आपापली घटत जाणारी.

आता समजा पदवीनंतर नऊ महिन्यांनी, म्हणजे प्रवेशापासून ३३ व्या महिन्याअखेर दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. सत्राचे पैसे सातव्या, तेराव्या, एकोणिसाव्या आणि पंचविसाव्या महिन्याअखेर मिळाले असे धरू.

| बाँड | परत द्यायची रक्कम |
|---|---|
| सपाट | २,८०,०००. रजेचा पगारही धरला असेल तर ३,४०,००० |
| घटता, मुदत पदवीपासून | १,७५,००० |
| सत्रागणिक | ८७,५०० |

तिसरा आकडा असा आला: पहिल्या सत्राची मुदत संपलेली आहे. दुसऱ्याचे ४ महिने, तिसऱ्याचे १० आणि चौथ्याचे १६ महिने उरले आहेत. एकूण ३० महिने, त्याला ७०,००० ने गुणून २४ ने भागायचे. गंमत अशी की सत्रागणिक बाँडची शेवटची मुदत ४९ व्या महिन्यात संपते, म्हणजे घटत्या बाँडपेक्षा एक महिना उशिराच. त्यामुळे "दोन वर्षांचा बाँड" एवढेच ऐकून दोन्ही सारखे वाटतात. खरा फरक मुदत कुठून मोजायची यात आहे.

पदवीपासून मोजणाऱ्या मुदतीची आणखी एक अडचण आहे. प्रबंध रखडला, मार्गदर्शक बदलले, विद्यापीठाने निकाल लांबवला आणि २४ ऐवजी ३० महिने लागले, तर बाँडही सहा महिने पुढे सरकतो. चूक कोणाचीही असो, अडकता तुम्ही. शिवाय शिक्षण चालू असतानाची दोन वर्षे या हिशेबात धरतच नाहीत, जरी त्या काळात तुम्ही रोज कामावर हजर होतात. एचआरला हे नीट समजावले तर निदान मुदत शेवटच्या सत्राच्या परीक्षेपासून धरायला ते बहुतेक तयार होतात.

मग सगळ्यांनी सत्रागणिकच मागायचा का?

नाही, कारण त्यात पैसे आधी तुमचे जातात. पुढच्या सत्राची फी भरायची तारीख पुष्कळदा मागच्या सत्राचा निकाल लागण्याआधी येते. मागचे ७०,००० अजून मिळालेले नाहीत आणि पुढचे ७०,००० भरायचे आहेत, असे दर सहा महिन्यांनी होते. म्हणजे १,४०,००० रुपये हाताशी हवेत. क्रेडिट कार्डावर टाकून निकालाची वाट बघणार असाल तर व्याजातच बाँडमधली बचत जाते.

दुसरी अडचण विषय राहण्याची. "उत्तीर्ण झाल्यावर परतावा" असे मोघम लिहिलेले असते आणि एक विषय राहिला की लेखा विभाग सगळ्या सत्राचे पैसे थांबवतो. त्यामुळे पत्रात आधीच लिहावे की राहिलेल्या विषयापुरती फी रोखावी, बाकीची द्यावी, आणि तो विषय सुटल्यावर उरलेलीही द्यावी.

एवढे पैसे हाताशी नसतील तर मधला मार्ग आहे: फी कंपनीने सत्रागणिक थेट संस्थेला भरावी, आणि मुदत मात्र प्रत्येक भरण्यापासून मोजावी. कंपन्या याला पटकन तयार होत नाहीत, कारण मधेच शिक्षण सोडले तर काय, ही त्यांची शंका रास्त असते. त्यावर उत्तर म्हणून "अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास भरलेली सर्व फी परत करीन" हे कलम आपणहून द्यावे. यात तुमचे फारसे जात नाही आणि समोरच्याचा मुख्य आक्षेप संपतो.

चौथी वाटही आहे: फी मागायचीच नाही, फक्त रजा मागायची. दोन-तीन वर्षांत ही नोकरी सोडायचीच आहे असे मनात पक्के असेल, तर हेच प्रामाणिक आणि स्वस्तही. भरपगारी रजेसाठी सहसा कोणी बाँड मागत नाही. मागितलाच तर सहापैकी तीन दिवस आपल्या हक्काच्या रजेतून देऊ करावेत.

(सरकारी नोकरीतली अध्ययन रजा हे वेगळे प्रकरण आहे. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत त्यासाठी साधारण पाच वर्षांची सेवा लागते आणि परत आल्यावर तीन वर्षे सेवेचा बाँड असतो. तिथे वाटाघाटीला जागा नसते, खाजगी कंपनीत असते.)

"बाँडला कोर्टात किंमत नसते" हे खरे का?

कॅन्टीनमध्ये हा सल्ला हमखास मिळतो आणि तो अर्धवट आहे. कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, आणि नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचे नाही अशी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पण खर्च केलेले पैसे परत मागणे ही निराळी गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि मुदतीआधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याचे कलम वैध ठरवले. ते प्रकरण सरकारी बँकेच्या भरतीचे होते, शिक्षणाच्या फीचे नव्हे. तरीही बाँड म्हणजे कागदाचा तुकडा, असे आता कोणी म्हणू नये. दुसरीकडे, करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. फी २,८०,००० असताना बाँडमध्ये ५ लाख लिहिले असतील तर प्रश्न विचारायला जागा आहे. म्हणूनच पत्रात "प्रत्यक्ष भरलेली फी" हे शब्द हवेत.

एक गोष्ट मात्र कधीही मान्य करू नये: सही केलेला कोरा चेक. बाँडचा वाद दिवाणी असतो, पण चेक वटला नाही की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण उभे राहते. मूळ पदवी प्रमाणपत्रेही ताब्यात देऊ नयेत, प्रत द्यावी.

पत्रातला बाँडचा परिच्छेद

पत्र साधे असावे. प्रति, विषय, अभ्यासक्रमाचे आणि संस्थेचे नाव, वर्गांचे दिवस, सत्रवार फीचा तक्ता, हव्या असलेल्या रजेच्या अंदाजे तारखा. कामाचा उपयोग दोन ओळींत, पण नेमका: "प्रबंधाचा विषय आपल्या कास्टिंगमधील नकाराचे प्रमाण हा घेण्याचा विचार आहे" हे वाक्य "कौशल्ये वाढतील" पेक्षा दहापट काम करते. त्यानंतर हा परिच्छेद, सत्रागणिक बाँडसाठी:

> "कंपनीने माझ्या अभ्यासक्रमासाठी प्रत्यक्ष दिलेल्या फीपुरता सेवा बाँड मला मान्य आहे. प्रत्येक सत्राच्या रकमेसाठी ती रक्कम दिल्याच्या तारखेपासून २४ महिने मी सेवेत राहीन. त्याआधी मी स्वतःहून राजीनामा दिल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम परत करीन. अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास मिळालेली सर्व फी परत करीन. मंजूर रजेचा पगार या वसुलीत धरू नये. कंपनीने सेवा संपुष्टात आणल्यास (गैरवर्तन वगळता), गंभीर आजारामुळे काम करणे अशक्य झाल्यास किंवा संस्थेने अभ्यासक्रम बंद केल्यास वसुली होऊ नये. समूहातील दुसऱ्या कंपनीत बदली झाल्यास सेवा सलग धरावी."

घटता बाँड मागणार असाल तर दुसरे वाक्य बदलून "शेवटच्या सत्राची परीक्षा संपल्याच्या तारखेपासून २४ महिने" असे लिहा, आणि त्यालाच जोडून "परंतु प्रवेशापासून ४८ महिन्यांपलीकडे नाही" अशी वरची मर्यादा घाला. प्रबंध रखडला तर हीच मर्यादा वाचवते.

"कंपनीने सेवा संपुष्टात आणल्यास" या कलमावर एचआर अडते. तरी ते सोडू नये. मंदीत माणसे कमी केली आणि वर फीही वसूल केली, असे या कलमाशिवाय होऊ शकते. त्यापेक्षा मुदत २४ वरून ३० महिने करायला तयार व्हा.

पैसे कोणत्या वाटेने येतात तेही विचारून घ्या. परतावा पगारपत्रकात भत्ता म्हणून आला तर तो उत्पन्नात धरला जातो. वरच्या ६५,००० च्या उदाहरणात नव्या करप्रणालीत त्याने काही बिघडत नाही, पण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर असेल तर कर कापून हातात कमी येतात, आणि बाँड मोडल्यावर परत मात्र पूर्ण ७०,००० च्या हिशेबाने द्यावे लागतात. फी संस्थेला थेट, कंपनीच्या नावे पावती घेऊन भरली गेली तर हा घोळ बहुधा टळतो. हिशेब चुकता करताना कंपनी बाँडची रक्कम शेवटच्या पगारातून कापायला बघते. पीएफला तिला हात लावता येत नाही.

पत्र प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दीड महिना आधी द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर पुष्कळदा एका ओळीचे येते: "धोरणानुसार मंजूर." ही तुमच्या अटींना मंजुरी नव्हे. धोरणात सपाट बाँड असेल तर तुम्ही तोच स्वीकारला असा त्याचा अर्थ लावला जाईल. अशा ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या, त्यात पत्रातला बाँडचा परिच्छेद जसाच्या तसा टाका, आणि कराराचा मसुदा त्या शब्दांत हातात येईपर्यंत पहिल्या सत्राची फी भरू नका.